भाडेकरारातले 'हिअरइनआफ्टर' आणि 'नॉटविथस्टँडिंग' साध्या भाषेत कसे लिहायचे?

अन्नपूर्णा_रोड

नमस्कार मंडळी. इंदूरच्या आमच्या घराचा वरचा मजला 1 जूनपासून किरायाने द्यायचा आहे. सासरे गेल्यापासून घर सासूबाईंच्या नावावर आहे, त्यामुळे सही त्यांची. त्यांना मराठी आणि हिंदी छान वाचता येते, इंग्रजी येत नाही. किरायेदार बुऱ्हाणपूरचे मराठी जोडपे आहे. टायपिस्टने नेहमीचा छापील मसुदा आणून दिला, तो सगळा इंग्रजीत. सासूबाई म्हणाल्या, "जे मला वाचता येत नाही त्यावर मी सही करणार नाही." मला ते शंभर टक्के पटते.

म्हणून मी त्याचे मराठी करायला घेतले आहे. भाडे 14,000, डिपॉझिट 28,000, मुदत 11 महिने, एवढे सरळ आहे. अडते ते शब्दांवर. पहिल्याच परिच्छेदात 'हिअरइनआफ्टर रिफर्ड टु ॲज द लेसर' आणि त्यानंतर चार ओळी वारस वगैरे. पुढे ही तीन कलमे आहेत:

कलम 5: पहिले 6 महिने दोघांपैकी कोणीही करार मोडणार नाही.

कलम 14: "नॉटविथस्टँडिंग एनीथिंग कंटेन्ड हिअरइनअबव्ह", घरमालक 15 दिवसांची नोटीस देऊन करार संपवू शकेल.

कलम 17: कोणत्याही पक्षाला करार संपवायचा असल्यास 1 महिन्याची लेखी नोटीस द्यावी.

हे 'नॉटविथस्टँडिंग' गाळले तर काही बिघडते का? आणि गाळायचे नसेल तर त्याच्या जागी काय लिहू, जे सासूबाईंना एका वाचनात कळेल?

खातेवही

ताई, माझा सल्ला, हात लावू नका. हे शब्द वर्षानुवर्षे कोर्टात चालत आले आहेत. तुम्ही आपल्या भाषेत काही लिहाल आणि उद्या न्यायाधीश म्हणतील की हा करारच नाही. मराठी प्रत समजण्यापुरती करा, सही इंग्रजीवरच घ्या. आणि तसेही 11 महिन्यांचा करार आहे, त्याला कुठलाच भाडे कायदा लागत नाही. इतकी चिंता कशाला?

लोकमान्य_नगर

किरायेदाराची माहिती थाण्यात द्यायला विसरू नका. आधार, फोटो, मूळ गावचा पत्ता. हल्ली ऑनलाइनही होते. आमच्या गल्लीत एकाने दिली नव्हती, त्याला फार त्रास झाला.

अन्नपूर्णा_रोड

लोकमान्य_नगर, धन्यवाद, ते करणारच आहोत. पण माझा प्रश्न करारातल्या शब्दांचा आहे.

खातेवही दादा, सासूबाईंना न कळणाऱ्या कागदावर त्यांची सही घ्यायची हेच तर टाळायचे आहे.

जुना_दस्तऐवज

मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात बरीच वर्षे दस्त लिहिले आणि दस्तांवरून भांडणारे लोकही पाहिले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी खातेवहींच्या भीतीबद्दल. करार वैध ठरायला काय लागते ते 1872 च्या करार कायद्याच्या कलम 10 मध्ये आहे: पक्ष सज्ञान आणि शुद्धीवर असावेत, संमती मोकळेपणाने दिलेली असावी, मोबदला आणि हेतू कायदेशीर असावेत. ठरावीक शब्द वापरलेच पाहिजेत असे तिथे कुठेही नाही. भाषेचेही बंधन नाही. उलट सही करणाऱ्याला भाषाच येत नव्हती असे निघाले, तर 'मला काय लिहिले आहे ते सांगितले नव्हते' हा बचाव तयार होतो. सूनबाई, तुमच्या सासूबाईंचा हट्ट कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचा आहे.

आता शब्दांकडे वळू. तुमच्या मसुद्यातले जड शब्द दोन जातींचे आहेत आणि त्यांना एकाच मापाने मोजू नका. 'हिअरइनआफ्टर', 'सेड प्रिमायसेस', 'धिस इंडेन्चर विटनेसेथ' हे नाव ठेवणारे किंवा नुसते मिरवणारे शब्द. ते काढले, बदलले तरी कोणाचा हक्क तसूभर हलत नाही. 'हिअरइनआफ्टर'साठी एवढेच लिहा:

"श्रीमती अमुक, राहणार अमुक. या करारात पुढे यांना 'घरमालक' म्हटले आहे."

आणि मग शेवटपर्यंत 'घरमालक'च म्हणा. मध्येच 'मालकीण', 'प्रथम पक्ष', 'लिहून देणार' असे बदलू नका. घराचेही तसेच. एकदा नीट वर्णन करा, की पहिला मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, गच्चीचा वापर आहे की नाही, दुचाकी कुठे लावायची, आणि त्याला 'घर' असे नाव द्या. पुढे प्रत्येक ठिकाणी 'उक्त परिसर' म्हणायची गरज उरत नाही.

'नॉटविथस्टँडिंग', 'सब्जेक्ट टु', 'प्रोव्हायडेड दॅट' ही दुसरी जात. दोन कलमे एकमेकांना भिडली तर कोणते जिंकणार ते हे शब्द ठरवतात. हे गाळले तर करार बदलतो. त्यावर वेगळे लिहितो, आत्ता नातवाला शाळेतून आणायचे आहे.

अन्नपूर्णा_रोड

काका, खूप आभार. तोवर एक विचारते. 'हिअरइनआफ्टर'च्या पाठोपाठ जे आहे, "विच एक्स्प्रेशन शॅल मीन अँड इन्क्लूड हिज एअर्स, एक्झिक्युटर्स, ॲडमिनिस्ट्रेटर्स अँड असाइन्स", ते मिरवणारे की हक्काचे?

मांडवीकर

मी बडोद्याची. आमच्या घरी आजोबांच्या काळातल्या मराठी भाडेचिठ्ठ्या आहेत. त्यात 'लिहून घेणार' आणि 'लिहून देणार' असे शब्द असतात, 'सबब', 'मजकूर घर', 'सदरहू इसम' वगैरे. मला वाटायचे लिहून देणार म्हणजे घर देणारा, अर्थात मालक. पण त्या चिठ्ठ्यांत लिहून देणार हा भाडेकरू आहे! कारण चिठ्ठी तो लिहून देतो, की मी इतके भाडे देईन आणि मागाल तेव्हा घर मोकळे करीन. मागे वाटणीच्या वेळी चुलतभावांचा यावरून चांगलाच गोंधळ झाला होता, कोण कोणाचे देणे लागतो तेच उलटे वाचले गेले. तेव्हा जुने मराठी शब्द आपले म्हणून आपोआप सोपे असतात असे समजू नका. 'घरमालक' आणि 'भाडेकरू' हेच बरे.

शब्दवेल्हाळ

मांडवीकरांशी सहमत. मी भाषांतराचे काम करते, पुण्यात असते. 'ज्याअर्थी... त्याअर्थी', 'एतद्द्वारा', 'यात यापुढे ज्याचा उल्लेख' ही सरकारी मराठी इंग्रजी वाक्याच्या साच्यावर बेतलेली आहे. ती वापरलीत तर सासूबाईंना इंग्रजीऐवजी मराठी न कळणारा कागद मिळेल.

'नॉटविथस्टँडिंग'साठी लोक सर्रास 'तरीही', 'तथापि', 'असे असले तरी' लिहितात. बोलताना ते चालते. करारात अडचण अशी की 'तरीही' हा शब्द आधीच्या वाक्याकडे बोट दाखवतो, ठरावीक कलमाकडे नाही. 'तरीही घरमालक नोटीस देऊ शकेल', म्हणजे कशाच्या तरीही? कलम 13 च्या, की 5 च्या, की सगळ्यांच्या? माझी सवय अशी, की जोडशब्द शोधत बसायचे नाही, थेट क्रमांक लिहायचा. "कलम 5 मध्ये 6 महिन्यांची अट आहे. ती अट या कलमाला लागू नाही." दोन छोटी वाक्ये, पण शंका राहत नाही.

जुना_दस्तऐवज

शब्दवेल्हाळ, फार नेमके सांगितलेत. 'क्रमांक लिहा' ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी.

आधी वारसांचे. ते अर्धे हक्काचे आहे. आईंच्या पश्चात घर ज्यांच्याकडे जाईल ते कायद्यानेच मालकाच्या जागी येतात, लिहिले नाही तरी. पण किरायेदाराला नंतर 'आता भाडे कोणाला देऊ' असा प्रश्न पडू नये म्हणून एक ओळ ठेवा: "घरमालकांच्या पश्चात त्यांचे कायदेशीर वारस या करारातील घरमालक समजले जातील." एक्झिक्युटर, ॲडमिनिस्ट्रेटर यांची यादी 11 महिन्यांच्या करारात नसली तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट. तुमची तीन कलमे घेऊन एक प्रसंग चालवून पाहू. किरायेदार 1 जूनला आले. सप्टेंबरमध्ये तुमच्या घरचे कोणी इंदूरला परत यायचे ठरले आणि वरचा मजला हवा झाला. म्हणजे चौथा महिना.

इंग्रजी मसुदा जसा आहे तसा ठेवला तर कलम 14 म्हणते, वर काहीही लिहिलेले असो, मालक 15 दिवसांत करार संपवेल. कलम 5 'वर' आहे, म्हणून हरते. म्हणजे 6 महिन्यांची अट फक्त किरायेदाराला बांधते, मालकाला नाही. हे किरायेदाराला कोणी सांगितलेले नसते. तो कलम 5 वाचून निश्चिंत असतो.

आता तुम्ही म्हणता तसे 'नॉटविथस्टँडिंग' नुसते गाळले. मग 5 सांगते कोणीही मोडणार नाही आणि 14 सांगते मालक मोडू शकतो. न्यायालय आधी दोन्ही एकत्र नांदतील असा अर्थ लावायचा प्रयत्न करते. ते अगदीच जमले नाही, तर दस्ताच्या बाबतीत जुना नियम असा की आधीचे कलम टिकते, नंतरचे पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या राधा सुंदर दत्त प्रकरणाच्या निकालात तो स्पष्ट सांगितला आहे (एआयआर या निकालसंग्रहाच्या 1959 च्या खंडात छापलेला आहे). म्हणजे एक शब्द गाळल्यावर निकाल उलटा: आधी मालक जिंकत होता, आता बहुधा किरायेदार जिंकेल. भाषांतर करणाऱ्याला वाटते आपण फक्त भाषा सोपी केली.

आणखी एक खोच तुमच्याच मसुद्यात आहे. तिथे 'हिअरइनअबव्ह' म्हटले आहे, म्हणजे 'या कागदात वर'. कलम 17, एक महिन्याच्या नोटिशीचे, ते 14 च्या खाली आहे. तेव्हा 14 चा जोर 17 वर चालतच नाही! मालकाने 15 दिवसांची नोटीस दिली तर किरायेदार 17 दाखवून म्हणेल, मला महिना मिळायला हवा. मालक म्हणेल, 14 माझ्यासाठी खास आहे, 17 बाकीच्या वेळेसाठी. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. असा वाद इंग्रजी शब्दांनी मिटत नाही. उलट कोणीतरी दुसऱ्याच मसुद्यातून कलम उचलून इथे चिकटवले, त्यातून तो जन्मला आहे. टायपिस्टकडच्या बहुतेक मसुद्यांत हे दिसते.

किरायेदार_विजयनगर

मी किरायेदाराच्या बाजूने बोलतो. हे कलम 14 मुळात असावेच कशाला? ताई, तुम्ही शब्द सोपे करता आहात ते चांगलेच आहे, पण सोप्या मराठीत लिहिल्यावर ते कलम किती एकतर्फी आहे ते दिसेल, आणि बुऱ्हाणपूरची मंडळी सही करणार नाहीत. मी तरी केली नसती.

माझ्या आधीच्या खोलीच्या करारात लिहिले होते की डिपॉझिट 15 दिवसांत परत मिळेल, 'सब्जेक्ट टु क्लॉज 9'. क्लॉज 9 मी वाचले नव्हते असे नाही, वाचले होते, पण 'सब्जेक्ट टु' म्हणजे 'क्लॉज 9 च्या विषयी' असे मला वाटले. प्रत्यक्षात 9 मध्ये होते की मालकाला वाटेल ती दुरुस्ती कापून घेता येईल. सगळे डिपॉझिट रंगकामात गेले. माझे पैसे आता मिळतील का?

जुना_दस्तऐवज

बेटा, तुझ्या पैशांबद्दल कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. मात्र रंगकाम हा सहसा मालकाचा नेहमीचा खर्च मानला जातो. करारात वेगळे ठरले नसेल, तर रोजच्या वापराने होणारी झीज भाडेकरूवर टाकता येत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 मध्ये आहे. तुझ्याकडे वेगळे ठरले होते का, हे क्लॉज 9 च्या नेमक्या शब्दांवर अवलंबून आहे.

पण तुझे उदाहरण या धाग्याला अगदी लागू आहे. 'सब्जेक्ट टु' म्हणजे 'नॉटविथस्टँडिंग'चे उलटे टोक. 'नॉटविथस्टँडिंग' ज्या कलमात असते ते कलम वरचढ. 'सब्जेक्ट टु' ज्या कलमात असते ते कलम पडते, दुसरे वरचढ. मराठीत 'च्या अधीन राहून' लिहितात, तेही सामान्य माणसाला कळत नाही. साधे लिहायचे तर: "घर रिकामे केल्यापासून 15 दिवसांत घरमालक डिपॉझिट परत देतील. त्यातून फक्त कलम 9 मध्ये लिहिलेल्या रकमा कापता येतील." 'फक्त' या शब्दावर जोर आहे. आणि कलम 9 मध्ये रकमा कशाच्या ते नाव घेऊन लिहायचे: थकलेले भाडे, वीजबिल, आणि किरायेदाराच्या हातून झालेली मोडतोड, पावतीसकट.

खातेवही

काका, भाषेचे मानले. पण 11 महिन्यांच्या करारावर भाडे कायदा लागत नाही हे तर खरे ना? सगळे म्हणूनच 11 महिने करतात.

जुना_दस्तऐवज

अर्धे खरे. 11 महिन्यांमुळे टळते ती सक्तीची नोंदणी. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा, किंवा दरवर्षी चालू राहणारा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. 11 महिन्यांचा त्यात बसत नाही. स्टॅम्प मात्र लागतोच, अपुऱ्या स्टॅम्पचा कागद न्यायालय दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेत नाही.

भाडे कायदा हा वेगळा विषय. आपल्याकडे 1961 चा मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम आहे. त्याचे कलम 12 कशाने सुरू होते ठाऊक आहे? नॉटविथस्टँडिंगने! दुसऱ्या कुठल्याही कायद्यात किंवा करारात काहीही उलट लिहिलेले असो, भाडेकरूला काढण्याचा दावा फक्त त्या कलमात दिलेल्या कारणांवरच लावता येतो. भाडे थकणे, मालकाला स्वतःला राहायला खरोखर गरज असणे, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, अशी ती कारणे आहेत. मुदत संपली, करार संपला, एवढ्यावर दावा उभा राहत नाही. करारात मालकाने घातलेला नॉटविथस्टँडिंग विधिमंडळाने घातलेल्या नॉटविथस्टँडिंगपुढे टिकत नाही.

म्हणून सूनबाई, कलम 14 तुम्ही कितीही सुबक मराठीत लिहिलेत तरी किरायेदार 15 दिवसांत उठला नाही, तर त्या कलमाच्या आधारावर त्याला बाहेर काढता येणार नाही. किरायेदार_विजयनगर म्हणतो तसे ते कलम काढून टाकणेच बरे. भाडे थकल्यास मात्र लिहा, आणि कायद्याशी जुळवून लिहा: मागणीची नोटीस मिळाल्यापासून 2 महिन्यांत किरायेदाराने सगळी थकबाकी भरली नाही, तर ते दाव्याचे कारण होते.

तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत एक विशेष आहे. याच कायद्यात विधवा, निवृत्त सरकारी नोकर अशा काही मालकांसाठी वेगळी वाट आहे, कलम 23-अ. खरी गरज असेल तर त्या दिवाणी न्यायालयाऐवजी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतात. हे करारात लिहायची गरज नाही, पण आईंना माहीत असू द्या.

लोकमान्य_नगर

म्हणजे काका, मुदत संपल्यावरही किरायेदार जात नसेल तर काहीच करता येत नाही? मग करार करायचाच कशाला? आमच्या शेजारी तर कुलूप बदलून मोकळे झाले.

जुना_दस्तऐवज

कुलूप बदलणे, वीज-पाणी तोडणे यातले काहीही करू नका. ताबा असलेल्या माणसाला कायद्याच्या वाटेनेच काढावे लागते. करार अशासाठी करायचा की भाडे किती, डिपॉझिट किती, घरात काय होते, कोणत्या तारखेला कोण आले, याचा पुरावा राहतो. थकबाकीचा दावा त्यावरच उभा राहतो. बाकी बोलू, पण त्यासाठी दुसरा धागा काढा.

अन्नपूर्णा_रोड

काल सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. कलम 14 काढा असे त्यांनीच सांगितले. "आपल्याला सहा महिने तरी कुणी यायचे नाहीये," म्हणाल्या. खाली नवा मसुदा देते, बघाल का?

"5. 1 जून ते 30 नोव्हेंबर या 6 महिन्यांत घरमालक किंवा भाडेकरू, कोणीही हा करार संपवणार नाहीत. याला अपवाद फक्त कलम 6 मधला आहे.

6. भाडेकरूंचे भाडे थकले, तर घरमालक थकबाकीची लेखी मागणी करतील. ती मिळाल्यापासून 2 महिन्यांत सगळी थकबाकी भरली नाही, तर घरमालक हा करार संपवू शकतात. 6 महिने पूर्ण झाले नसले तरी हे कलम लागू आहे.

7. 1 डिसेंबरपासून दोघांपैकी कोणीही 1 महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतात.

8. भाडेकरूंना कायद्याने मिळणारे हक्क या कराराने कमी होत नाहीत."

'हिअरइनआफ्टर'च्या जागी काकांचे वाक्य जसेच्या तसे घातले आहे.

शब्दवेल्हाळ

वाचायला छान आहे. कलम 6 चे शेवटचे वाक्य म्हणजे तुमचे 'नॉटविथस्टँडिंग', आणि ते सासूबाईंना कळते. दोन सूचना. कलम 5 आणि 6 दोन्हीकडे एकमेकांचा उल्लेख आहे, तो तसाच ठेवा. पुढे कोणी कलमांचे क्रमांक बदलले तर दोन्ही जागी बदलायला विसरू नका, कारण क्रमांकाने लिहिण्यातला धोका तोच आहे. आणि 'लेखी' म्हणजे व्हॉट्सॲप चालेल का, ते एकदाच एका वाक्यात लिहून टाका.

जुना_दस्तऐवज

मसुदा चांगला उतरला आहे. 5, 6, 7 एकाखाली एक आले आहेत, ते महत्त्वाचे. संपवण्याविषयीचे सगळे एका जागी असले की 5 आणि 14 आणि 17 असे विखुरलेले भांडण होत नाही. कलम 8 मुळे कोणाला नवा हक्क मिळत नाही, तो कायद्यात आहेच. पण किरायेदाराला विश्वास वाटेल, राहू द्या.

भाषेबद्दल मात्र एक विनंती. इथल्या खालच्या न्यायालयांचे कामकाज हिंदीत चालते. मराठी करार दाखल केलात तर अनुवाद जोडावा लागेल आणि अनुवाद कोणाचा खरा यावर पुन्हा वाद. आईंना हिंदी वाचता येते म्हणालात. मग सहीची प्रत हिंदीत करा, 'मकान मालिक' आणि 'किरायेदार' असे साधे शब्द वापरून, आणि मराठी प्रत घरात वाचायला ठेवा, तिच्यावर सह्या नकोत. दोन्हींवर सह्या करायच्याच असतील तर एक ओळ हवी: "हिंदी आणि मराठी मजकुरात फरक आढळल्यास हिंदी मजकूर खरा धरला जाईल." ही ओळ नसेल तर तुम्ही स्वतःच दोन करार करून ठेवाल.

आणि हिंदी टायपिस्टला सांगून ठेवा, 'इसमें इसके पश्चात' आणि 'में अंतर्विष्ट किसी बात के होते हुए भी' असले काही आपल्या मनाने घालू नकोस. त्याच्या संगणकात ते आधीच भरलेले असते.

किरायेदार_विजयनगर

ताई, डिपॉझिटच्या कलमात 'रीझनेबल वेअर अँड टेअर' असेल ना? त्याचे काय केलेत? माझे सगळे घोडे तिथेच अडले होते.

अन्नपूर्णा_रोड

"रोजच्या वापराने होणाऱ्या झिजेचे पैसे कापले जाणार नाहीत. उदाहरणार्थ, भिंतीचा रंग उडणे, नळाचा वायसर खराब होणे, दाराची कडी सैल होणे." असे लिहिले आहे.

खातेवही

उदाहरणे देऊ नका असे मला वाटते. तीन दिलीत की चौथ्यावर किरायेदार आणि तुम्ही भांडाल. नुसते 'वाजवी झीज' लिहा.

शब्दवेल्हाळ

'वाजवी' कोणाच्या मते? आईंच्या की किरायेदाराच्या? उदाहरणे असू देत, फक्त 'अशा प्रकारची झीज' असे पुढे जोडा, म्हणजे यादी तिथेच संपत नाही.

जुना_दस्तऐवज

इथे खातेवहींचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. उदाहरणे दिली की न्यायालय बाकीच्या गोष्टी त्याच जातीच्या आहेत का ते पाहते. रंग, वायसर, कडी ही सगळी छोटी झीज. मग गच्चीवरच्या टाकीला वापराने चीर गेली तर ती या जातीत बसते का? यावर मी आणि माझे जुने सहकारी कधी एकमत झालो नाही. मी उदाहरणे देत असे, ते देत नसत. तुमच्या घरासाठी मी त्यापेक्षा घर देतानाचे फोटो आणि सामानाची यादी दोघांच्या सहीने जोडायला सांगीन. पंखे किती, गीझर कोणता, फरशी कुठे आधीच फुटलेली आहे, हे सगळे.

मांडवीकर

आमच्याकडे गुजरातीत करार करताना हीच यादी केली होती, मागच्या पानावर. किरायेदारांनी स्वतःच्या हाताने लिहिली, मग वाद नाही झाला.

अन्नपूर्णा_रोड

यादी करतेच. टाकीचा प्रश्न सासूबाईंनी ऐकला आणि म्हणाल्या, टाकीचे वेगळे कलम घाल, ती आपली जबाबदारी. उद्या बुऱ्हाणपूरच्या मंडळींना हिंदी मसुदा पाठवते. त्यांचे काही म्हणणे आले तर इथेच टाकीन. काका, व्हॉट्सॲपवरची नोटीस 'लेखी' धरू की कागदच हवा, तेवढे सांगून ठेवा.

जुना_दस्तऐवज

कागद, रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने, करारात लिहिलेल्या पत्त्यावर. व्हॉट्सॲपवर कळवायला हरकत नाही, पण नोटिशीची तारीख पोस्टाने मिळाल्याची धरायची असे लिहा. थकबाकीच्या 2 महिन्यांची गणतीही मागणीची नोटीस मिळाल्यापासून सुरू होते, आणि न्यायालयात ती तारीख तुम्हालाच सिद्ध करावी लागेल.